पस्तीस आणि मूवत्तैदु

माझं माहेर साताऱ्याजवळ, कोरेगाव तालुक्यात. डी.एल.एड.चं पहिलं वर्ष मी साताऱ्यात केलं. गावाकडे अजून सगळे त्याला डी.एड.च म्हणतात. लग्न होऊन सांगली जिल्ह्यातल्या जतला आले आणि दुसऱ्या वर्षाची आंतरवासिता सासरच्या जवळच्या शाळेत करायला परवानगी मिळाली. 2018 च्या ऑगस्टमधला तो सोमवार. सकाळी सवाआठच्या एस.टी.ने निघाले. खिडकीबाहेर गुडघाभर बाजरी, मध्येच एखादी डाळिंबाची बाग आणि बाकी उघडं माळरान. साताऱ्याच्या हिरव्या डोंगरांची सवय असलेल्या डोळ्यांना ते सगळं फार मोकळं मोकळं दिसत होतं. पर्समध्ये नवी निरीक्षण वही होती, रंगीत खडूंची पेटी होती आणि पाचदा पुन्हा लिहिलेलं गणिताचं पाठ टाचण होतं.

शाळा तालुक्याच्या पूर्व भागातली, कर्नाटकची हद्द जवळ. जिल्हा परिषदेची, मराठी माध्यमाची, पहिली ते चौथी, दोन शिक्षकी. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. या भागात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्याही शाळा आहेत. पण पुढे हायस्कूलला सांगली-मिरजेकडे पाठवायचं म्हणून घरी कन्नड बोलणारे अनेक पालक मुलांना मराठी शाळेतच घालतात. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. फाटकातून आत शिरले तशी चार-पाच मुलं धावत आली आणि “अक्का बंदरू, अक्का बंदरू” असं ओरडत परत आत पळाली. ‘बाई आल्या’ याच्याऐवजी ‘अक्का आल्या’. एवढा अर्थ मात्र न सांगता कळला.

परिपाठ झाला. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, आजचा सुविचार. मुलांचे मराठी उच्चार खणखणीत होते आणि मी मनातल्या मनात निश्चिंत झाले. हजेरी घेतल्यावर पोषण आहाराचे तांदूळ काढायचे होते. प्राथमिकच्या मुलामागे शंभर ग्रॅम, म्हणून आधी डोकी मोजायची. चौथीतला एक मुलगा रांगेसमोरून चालत मोजत गेला आणि शेवटी मोठ्यानं म्हणाला, “नलवत्तेरडु!” मार्गदर्शक बाईंनी न थांबता नोंदवहीत 42 लिहिलं आणि स्वयंपाकाच्या मावशींना सांगितलं, “चार किलो दोनशे.” मी बाजूला उभी राहून ते कौतुकानं पाहिलं आणि सोडून दिलं. त्या दिवसाचं उत्तर तिथेच, दहा वाजायच्या आत, माझ्यासमोर बोललं गेलं होतं.

नियमाप्रमाणे पहिले काही दिवस मी फक्त मागे बसून निरीक्षण करायचं होतं. पण मुख्याध्यापकांना केंद्रशाळेत बैठकीला जावं लागलं. बाई तिसरी-चौथी सांभाळायला गेल्या आणि जाताना म्हणाल्या, “पहिलीला चित्रं रंगवायला दिलीत. दुसरीची एवढी उजळणी घे. काही अडलं तर हाक मार.” दुसरीत चौदा मुलं. साताऱ्यात आम्ही जे सूक्ष्म पाठ घेतले ते सहा-सहा मिनिटांचे होते, आणि समोर विद्यार्थी म्हणून बसायच्या आमच्याच वर्गातल्या मैत्रिणी. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं बाकीच्यांचं प्रत्याभरण ऐकायचं, बारा मिनिटांत टाचण सुधारायचं, मग पुन्हा सहा मिनिटं तोच पाठ आणि पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण. फळ्यावरचं अक्षर, आवाजातला चढउतार, प्रश्न विचारून थांबणं, हे सगळं त्यात घोटून झालं होतं. एक गोष्ट मात्र त्या छत्तीस मिनिटांत कधी आली नव्हती. समोरची मैत्रीण कधी खरी चुकत नव्हती. कुठे चुकायचं ते तिला आधीच ठाऊक असायचं.

मी संख्यालेखनापासून सुरुवात केली. पाट्या काढायला सांगितल्या आणि दहा संख्या सावकाश, दोन-दोनदा सांगितल्या: सात, वीस, एकवीस, पस्तीस, चाळीस, त्रेपन्न, एकोणतीस, पासष्ट, सहासष्ट, नव्वद. पाट्या गोळा केल्या तेव्हा माझा चेहरा उतरला असणार. चौदापैकी पाच जणांचं सगळं बरोबर होतं. बाकीच्यांच्या पाट्यांवर कुठे रिकाम्या जागा, कुठे भलतेच अंक. त्यातली एक पाटी आजही डोळ्यांसमोर आहे. दोन वेण्या, लाल रिबिनी, पहिल्या रांगेत अगदी ताठ बसलेली मुलगी. अंक इतके सुरेख की छापल्यासारखे. तिनं लिहिलं होतं: 7, 20, 12, 53, 40, 35, 13, 56, 66, 90.

मी पाच बरोबर, पाच चूक अशा खुणा केल्या. निरीक्षण वहीत तिच्यापुढे पाच गुण लिहिले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, “घरची भाषा कन्नड. मराठी आकलन कमी. संख्याज्ञान कच्चे.” आणखी सहा जणांपुढे थोड्याफार फरकानं तेच. शेरा लिहिताना मला जरासुद्धा शंका आली नाही. उलट, पहिल्याच दिवशी काहीतरी निदान करता आलं याचं समाधान वाटलं.

मधल्या सुट्टीत मुलं खिचडी खात होती. बाईंनी माझी वही मागितली. शेरा वाचून त्या रागावल्या नाहीत. पाटीवरचे दहा अंक मी वहीत उतरवून घेतले होते, तिकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हिचे पाच चुकले, बरोबर. पण उरलेले पाच बरोबर का आले, ते बघितलंस का?”

मी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. बरोबर आलेले: सात, वीस, चाळीस, सहासष्ट, नव्वद. सात एकअंकी आहे. वीस, चाळीस, नव्वद ही पूर्ण दशकं. सहासष्टमध्ये दोन्ही अंक सारखेच, उलटे लिहिले तरी सहासष्टच राहणार. चुकलेले पाचही तसेच एका ओळीत उभे राहिले. एकवीसचे 12, पस्तीसचे 53, त्रेपन्नचे 35, एकोणतीसचे 13, पासष्टचे 56. ती ज्या क्रमानं ऐकत होती त्याच क्रमानं लिहीत होती. ‘पस्तीस’मध्ये पाच आधी ऐकू येतात, मग तीस. तिनं आधी 5 लिहिला, मग 3.

बाई म्हणाल्या, “पस्तीसचे त्रेपन्न लिहायला काय काय यायला लागतं, सांग बरं.”

हा प्रश्न मला कुठल्याही पुस्तकात भेटला नव्हता. ‘पस्’ म्हणजे पाच हे यायला लागतं. पाच आणि पस् यांचं रूप सारखं नाही, तरी ते नातं तिला कळलेलं होतं. ‘त्रे’ म्हणजे तीन आणि ‘पन्न’ म्हणजे पन्नास, हेही यायला लागतं. ज्या मुलीचं मराठी आकलन कमी असतं तिला ‘त्रेपन्न’ फोडता येत नाही. ती पाटीवर जागा रिकामी सोडते किंवा शेजारणीचं बघते. या मुलीनं शब्द अचूक फोडला होता. चुकली होती ती फक्त दोन तुकड्यांची मांडणी. आणि ती मांडणी उलटी का, हे सांगायची जबाबदारी तिची नव्हती. ते तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.

खिचडी संपल्यावर बाईंनी तिला जवळ बोलावलं. कपाटातून आगपेटीच्या काड्या काढल्या. दहा-दहाचे रबर लावलेले गठ्ठे आणि काही सुट्या. बाई कन्नडमध्ये म्हणाल्या, “मूवत्तैदु.” मुलीनं पटकन तीन गठ्ठे उचलले, पाच सुट्या काड्या ठेवल्या आणि पाटीवर 35 लिहिलं. मग बाई मराठीत म्हणाल्या, “पस्तीस लिही.” तिनं त्याच हातानं, तितक्याच विश्वासानं 53 लिहिलं. “आता हे काड्यांनी दाखव.” तिनं पाच गठ्ठे आणि तीन सुट्या मांडल्या. मग स्वतःच थांबली. समोर दोन ढीग होते. तिनं एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

दोन मिनिटांच्या त्या तपासणीनं बरंच काही वेगळं काढलं. दशक आणि एकक तिला पक्कं समजलं होतं, नाहीतर 53 साठी पाच गठ्ठे आले नसते. अंक लिहिता येत होते. मराठी संख्यानामांचे तुकडे ओळखू येत होते. अडत होतं ते एकाच ठिकाणी, कानावर पडलेला शब्द अंकांच्या जागांमध्ये बसवताना. कन्नडमध्ये मूवत्तु म्हणजे तीस आणि ऐदु म्हणजे पाच. मूवत्तैदु. बोलायचा क्रम आणि लिहायचा क्रम एकच. एकवीस म्हणजे इप्पत्तोंदु, वीस आधी, एक नंतर. अकरासुद्धा हन्नोंदु, दहा आधी. जे ऐकलं ते त्याच क्रमानं लिहायचं, हा नियम तिच्या घरात रोज खरा ठरत होता. सकाळी त्या चौथीतल्या मुलानं नलवत्तेरडु म्हटलं तेव्हा चाळीस आधी आणि दोन नंतर आले होते, आणि बाईंनी 42 लिहिलं होतं. मराठीत आपण बेचाळीस म्हणतो, दोन आधी बोलतो आणि चार आधी लिहितो. मी एवढी वर्षं हे करत आले आणि त्यात काही उलटं आहे हे कधी जाणवलंच नव्हतं.

एकोणतीस हा तर वेगळाच पेच. एकोण म्हणजे एक कमी. तीसला एक कमी. मुलीनं ‘एक’ ऐकलं आणि ‘तीस’ ऐकलं, 13 लिहिलं. तिच्या नियमानं ते बरोबरच होतं. कन्नडमध्ये तीच संख्या इप्पत्तोंबत्तु, वीस आणि नऊ, सरळ. मराठीत एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हा ‘एकोण’ चालतो आणि नव्याण्णवला येऊन एकदम सुटतो. म्हणजे नव्याण्णवला ‘एकोणशंभर’ न म्हणता नऊ आणि नव्वद म्हणायचे. मुलाच्या बाजूनं पाहिलं तर हे समजणं केवढं अवघड आहे!

दुपारच्या तासात बाईंनी मला काय करायचं ते सांगितलं नाही, करून पाहायला सांगितलं. मला सुचलं ते असं: संख्या ऐकली की तिचं शेपूट पकडायचं. पस्तीसचं शेपूट तीस. ते आधी लिहायचं, पण एकदम 30 नाही, फक्त दशकाच्या घरात 3. मग डोकं. ‘पस्’ म्हणजे पाच, ते एककाच्या घरात. पाटीवर दोन घरं आखून दिली. एकवीस, बावीस, चौतीस, अडतीस यांवर ते छान चाललं. दोन वेण्यांची मुलगी ‘वीऽऽस’ म्हणत शेपूट ओढायची आणि तिचं हसू बाकीच्यांना लागायचं.

पन्नाशी आली आणि माझं शेपूट सुटलं. कारण मराठीत दशकाचं नाव पुढे तसंच राहत नाही. पन्नास कधी ‘पन्न’ होतात, कधी ‘वन्न’: त्रेपन्न, पण बावन्न. साठाचं ‘सष्ट’ होतं, सत्तरचं ‘हत्तर’, नव्वदचं ‘ण्णव’. घरी मराठी ऐकत वाढलेल्या मुलाच्या कानाला हे सगळे नातेवाईक ओळखीचे असतात. शाळेतच मराठी भेटलेल्या मुलाला ‘सष्ट’ म्हणजे साठ हे स्वतंत्रपणे सांगावं लागतं. म्हणून आम्ही फळ्याच्या कडेला एक पट्टी लिहिली. साठच्या शेजारी सष्ट, सत्तरच्या शेजारी हत्तर, पन्नासच्या शेजारी पन्न आणि वन्न. तेवढ्या चार-पाच जोड्या पाठ झाल्या की बाकीची गर्दी बरीच आवरते. एकोणवाल्या संख्या त्या दिवशी घेतल्याच नाहीत. त्या वेगळ्या, काड्यांनी, तीसमधून एक काढून दाखवूनच घ्यायच्या, हे बाईंचं म्हणणं मला पटलं.

दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडून एक चूक झाली. मुलांना सोपं जावं म्हणून मी ‘तीस पाच’, ‘पन्नास तीन’ असं बोलायला लागले. दोन दिवसांत उलटापालट जवळजवळ थांबली. तिसऱ्या दिवशी तीन पाट्यांवर 305 आलं. तीस लिहिले 30, पुढे पाच लिहिले 5. पुन्हा जसं ऐकलं तसं. तेव्हा पुठ्ठ्याची कार्डं केली. दशकाचं कार्ड लांब, 30 लिहिलेलं. एककाचं अर्ध्या रुंदीचं, 5 लिहिलेलं. पाचाचं कार्ड तीसच्या शून्यावर ठेवायचं. शून्य झाकलं जातं आणि 35 दिसतं. पाच उचलला की खाली शून्य तिथेच असतं. तीस आत दडलेले आहेत, गेलेले नाहीत, हे त्या झाकण्या-उघडण्यातून मुलांना बोटांनी कळलं. ज्यांनी 305 लिहिलं होतं त्यांच्याकडून मी हे कार्ड रोज पाच-सहा वेळा झाकून-उघडून घेतलं. पुढच्या सोमवारपर्यंत ते थांबलं.

मी हे कन्नड-मराठीचं प्रकरण समजून चालले होते. दिवाळीला माहेरी गेले तेव्हा ओसरीवर भावाचा मुलगा आणि त्याचे दोस्त जमले होते, सगळे दुसरी-तिसरीतले, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या घरांतले. मी त्याच दहा संख्या सांगितल्या. सहापैकी दोघांनी पासष्टचे 56 केले आणि एकानं एकोणतीसचे 39. म्हणजे अडचण सीमेवरची नव्हतीच. साताऱ्याच्या मुलांच्या कानावर ‘पस्तीस’ हा शब्द लहानपणापासून पडलेला असतो, म्हणून बहुतेक जण तो अख्खा पाठ करून 35 शी जोडून टाकतात आणि आपल्याला वाटतं त्यांना समजलं. ज्याचं पाठांतर कच्चं तो शब्द फोडायला जातो, आणि प्रामाणिकपणे फोडला की उलटाच येतो. जत भागातल्या मुलांच्या बाबतीत ते फक्त जास्त ठळक दिसलं. जर्मन भाषेतही एकवीसला ‘एक आणि वीस’ म्हणतात आणि तिथल्या मुलांच्या लिहिण्यातही अशीच अदलाबदल आढळते, हे मी नंतर वाचलं तेव्हा ओसरीवरच्या त्या दोन पाट्या आठवल्या.

मग 2019 चा जून आला. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. भाषेची मोडतोड होते आहे, असं अनेकांना वाटलं. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांनी अडणाऱ्या मुलांची बाजू मांडली आणि जुनी नावं काढलेली नाहीत हेही सांगितलं. त्या दिवसांत घरी, एस.टी.त, सगळीकडे लोक मला विचारायचे, “काय बाई, आता फडणवीसांना काय म्हणायचं?” मला हसता येत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर ती पाटी होती. ‘वीस एक’ हा एकवीसपर्यंत जायचा पूल आहे, तो राहायचं घर म्हणून बांधू नये, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. मुलाला बाजारात ‘पस्तीस’च ऐकायचे आहेत. पण पूल नको म्हणणाऱ्यांनी एकदा दुसरीच्या वर्गात बसून दहा संख्या सांगाव्यात, असंही तेवढंच मनापासून वाटतं. आणि पूल बांधला तर 305 येणार, तेव्हा शून्य झाकणारं कार्ड हाताशी असू द्यावं.

पहिल्या दिवसातलं एक सांगायचं राहिलं. साडेचारला शाळा सुटली. माझी एस.टी. पाचला. फाटकाशी दोन वेण्यांची मुलगी आजोबांची वाट पाहत थांबली होती. ते मेंढरं घेऊन त्याच रस्त्यानं परतायचे. तिनं दप्तरातून पाटी काढली, माझ्या हातात दिली आणि मराठीत म्हणाली, “आता तुम्ही लिवा. मी सांगते.” दिवसभरात मी एक ते दहा आणि दशकांची काही नावं कानावर घेतली होती. तिनं ओंदु, एरडु सांगितलं, मी लिहिलं. इप्पत्तु सांगितलं, 20 लिहिलं. मग ती सावकाश, अगदी माझ्यासारखी दोनदा म्हणाली, “ऐवत्तमूरु. ऐवत्तमूरु.”

मला ‘ऐ’ ऐकू आलं, ऐदुमधला, म्हणजे पाच. मग मूरु, तीन. आधी ऐकलेला अंक एककाचा, ही माझी जन्माची सवय. मी उजवीकडच्या घरात 5 लिहिला, डावीकडे 3. पस्तीस.

तिनं पाटी घेतली. तळहातानं दोन्ही अंक पुसले. रागावली नाही, हसली नाही. माझ्या हातात पेन्सिल परत दिली, डाव्या घरावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “अक्का, ऐवत्तु इथं.” मी 5 लिहिला. तिनं बोट उजवीकडे सरकवलं. “मूरु.” मी 3 लिहिला. तिनं मान डोलावली.

रस्त्यावर धूळ उठली होती. आजोबांनी हाक मारली, तिनं पाटी दप्तरात टाकली आणि मेंढरांमागे पळत गेली. एस.टी.त बसल्यावर मी निरीक्षण वही उघडली. सकाळच्या शेऱ्यावर एक आडवी रेघ मारली आणि त्याखाली लिहिलं, “दशक-एकक पक्के. मराठी संख्यानामे फोडता येतात. ऐकण्याच्या क्रमाने लिहिते. उद्या: शेपूट आधी.”